'आम्ही'ला घरात शिरता येत नाही

"कादंबरीत सगळं गाव मिळून 'आम्ही' म्हणत गोष्ट सांगतंय म्हणजे निवेदक सर्वज्ञच झाला ना?"

उलट होतं. जेफ्री युजेनिडिसच्या १९९३च्या 'द व्हर्जिन सुइसाइड्स' या कादंबरीत मोहल्ल्यातली मुलं, आता वयस्क झालेली, 'आम्ही' म्हणून पाच बहिणींच्या आत्महत्यांची गोष्ट सांगतात. त्यांच्याकडे फोटो आहेत, एकीची डायरी आहे, शेजाऱ्यांच्या मुलाखती आहेत; पुराव्यांना चक्क क्रमांक दिलेत. तरीही मुलींनी हे का केलं, ते शेवटपर्यंत कळत नाही. माहितीचा ढीग वाढतो, घराचं दार मात्र बंदच.

आणि आपल्या भाषेत एक गंमत जास्तीची आहे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हीला एकच शब्द, 'we'. मराठीत 'आम्ही' वाचकाला बाहेर ठेवतो, 'आपण' त्याला आत ओढतो. "आम्ही नुसतं बघत राहिलो" ही कबुली. तिथे 'आपण' घाला, वाचकही बघ्यांत उभा.