साजाच्या फोटोबरोबर लाल पडदाही चित्रात येतो: दोष शब्दांचा की फोटोचा?

गुजरीतला
दुकानातल्या कोल्हापुरी साजाचा एक फोटो आहे. मॉडेलच्या मागं लाल मखमली पडदा, तिची मान डावीकडं कललेली, उजवा हात हनुवटीला. मला साज तोच पाहिजे, पण बाई पंचगंगा घाटावर पूजेचं ताट घेऊन उभी. एआयला लिहिलं, ‘या फोटोतल्यासारखी साज घातलेली बाई, पंचगंगा घाटावर. लाल पडदा नको, हनुवटीला हात नको.’ आलं काय, तर घाटाच्या पायऱ्यांवर लाल पडदा आणि हात परत हनुवटीला! माझं मत झालंय की फोटो देणं हीच भानगड आहे, नुसतं लिहून काम करावं. कुणाला पटतंय का?

शब्दप्रभू
अजिबात नाही पटत. फोटो बिचारा काय करणार, लिहिणं कच्चं आहे. ‘फोटोतल्यासारखी बाई’ म्हटल्यावर ते बाई उचलणारच, आणि बाई आली की तिचा हात आला, मान आली. घाटाचं नीट वर्णन करा, पाणी, धुकं, दीपमाळा, सगळं. दृश्य भरगच्च लिहिलं की पडदा आपोआप जातो. माझं तरी कधी अडलेलं नाही.

सातवी गल्ली
शब्दप्रभू, अर्धं बरोबर आहे तुमचं. पण आधी त्यांचं टूल फोटोचं करतं काय ते बघायला पाहिजे. काही टूल्स तुमच्या फोटोवरच जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे दाणे पसरतात आणि त्यातून नवं चित्र उकलत नेतात. उजेड कुठं, गडद कुठं, हात कुठं हे पहिल्या काही पायऱ्यांतच ठरतं, नक्षी नंतर येते. दाणे कमी पडले तर जुनी मांडणी मोडतच नाही, मग धुकं लिहा नाहीतर दीपमाळा लिहा. दाणे किती पसरायचे हे ठरवायला तिथं `Denoising strength` नावाचा आकडा असतो. 0.4 च्या आसपास ठेवला तर पडदा राहतो. 0.8 ला नेला तर पडदा जातो, पण साजही जातो. आकडा एकच आणि तो सगळ्या चित्राला लागू, त्यामुळं साज राखून पडदा घालवणं त्याला जमत नाही.

गुजरीतला
माझ्यात तसला आकडा नाही. मी फोटो जोडतो आणि गप्पा मारल्यासारखं मराठीत लिहितो.

सातवी गल्ली
मग तुमच्याकडं लिहिण्याला किंमत आहे. ही टूल्स फोटो वाचतात, पण साज, पडदा, हात, पिवळट उजेड हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून घेतात. त्यातला माल कुठला आणि जागा कुठली हे तुम्ही सांगितलं नाही तर ते सगळंच धरून ठेवतं. आणि तुमच्या ओळीत एक जागा मोकळी राहिलीय: हात हनुवटीला नको म्हणालात, पण हात कुठं पाहिजे ते सांगितलंच नाही. मग ती जागा फोटोतून भरली जाते. ताटाचं म्हणाल तर ते तुम्ही इथं आम्हाला सांगितलंत, टूलला कुठं सांगितलंत?

मी असं लिहिलं असतं:

‘जोडलेल्या फोटोतून फक्त गळ्यातला साज घ्यायचा: पानांचे आकार, त्यांचा क्रम, मधला लाल खडा. बाकी चित्र नवीन. जागा: पंचगंगा घाट, पहाट, ओल्या दगडी पायऱ्या, मागं नदी. बाई: तिशीतली, निळी नऊवारी, गुडघ्यापासून वर दिसते, अंग उजवीकडं तिरकं, मान सरळ, दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीला पूजेचं ताट धरलेलं. उजेड डावीकडून, मऊ, थंड.’

यात ‘गुडघ्यापासून वर’ हे शब्द मोलाचे आहेत. तुमचा फोटो छातीपर्यंतचा असणार. चित्रही तेवढंच राहिलं तर त्या चौकटीत हाताला जायला हनुवटीशिवाय जागा उरत नाही. चौकट बदलली की पोझ बदलणं त्याला भागच पडतं.

तालमीचा मावळा
माझं उलटं झालंय राव. कुस्ती मैदानाच्या पोस्टरला पैलवान षड्डू ठोकतानाचा फोटो दिला. पोझ तशीच पाहिजे होती, फक्त मागं खासबाग मैदान. त्यानं मैदान झकास केलं आणि पैलवानाला हात जोडून उभा केला! आता याला काय म्हणायचं?

सातवी गल्ली
तिथं पोझ हाच तुमचा माल होता. ‘डावा पाय पुढं, उजवा हात मांडीवर आपटताना’ असं लिहून पोझ फोटोतून घ्यायची आणि मैदान नवीन, हे वेगळं सांगायचं. सांगाडा ओळखून पोझ धरून ठेवणारी टूल्सही आहेत, तुम्हाला ती बरी पडतील.

रंकाळ्यावरचा
दुसऱ्याच्या मॉडेलचा फोटो असा वापरायला परवानगी लागते ना? त्यावर कुणीच बोलत नाही.

गुजरीतला
फोटो आमचाच, मॉडेलला विचारलेलंय. प्रश्न तो नाही हो.

शब्दप्रभू
सातवी गल्ली, तुमच्या ओळीत पडद्याचं नावच नाही. ‘पडदा घेऊ नको’ असं स्पष्ट बजावलं तर काय बिघडतं? माणसाला सांगताना आपण बजावतोच की.

सातवी गल्ली
जुन्या टूल्समध्ये बिघडायचं. त्यांना ‘नको’ नीट कळायचं नाही, ‘पडदा’ तेवढा कळायचा, म्हणून नको त्या गोष्टींसाठी वेगळा चौकोन दिलेला असायचा. आताच्या गप्पांवाल्या टूल्सना नकार बराच समजतो, तरी मी जिथं पडदा होता तिथं काय पाहिजे तेच लिहितो. ‘मागं नदी’ लिहिलं की ती जागा भरली.

शब्दप्रभू
मला ‘पडदा काढ’ लिहूनही चांगले रिझल्ट मिळालेत. तुमचा नियम सगळीकडं चालत नाही एवढंच म्हणतो.

सातवी गल्ली
मिळत असतील. एकदा मागची जागा ठरली की नंतर ‘काढ’ म्हटलेलं चालतं, हे मान्य. पण गुजरीतल्यांनी आधी एक करून बघावं. माझा हाच मजकूर, फोटोची पहिली ओळ वगळून, फोटो न जोडता चालवावा. हातात ताट आलं तर शब्द पुरेसे आहेत आणि फोटो त्यांना दाबतोय. फोटोशिवायही हात हनुवटीला गेला तर शब्दच सुधारायला पाहिजेत. एवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात.

कॅमेरेवाले काका
मी तीस वर्षं दागिन्यांचे फोटो काढतोय. पोरांनो, शब्द आणि आकडे राहू द्या, आधी फोटो कापा. फक्त गळा ठेवा, पडदा उडवा. जे दिलंच नाही ते ते आणणार कुठून?

सातवी गल्ली
काका, पडद्यावर हा जालीम उपाय आहे. पण नुसता साज कापून दिला तर खांद्याचं माप हरवतं, मग साज बेंबीपर्यंत लोंबतो नाहीतर चिंचपेटीसारखा गळ्याला चिकटतो. कापताना हनुवटीपासून खांद्यापर्यंत ठेवा. आणि मागं सपाट करडा रंग भरला असेल तर जागेचं वर्णन जास्त करावं लागतं, नाहीतर दुकानातल्या काचेतल्यासारखं चित्र येतं. वेगवेगळ्या जागी काढलेले दोन-तीन फोटो असतील तर सगळे द्या. त्यांच्यात सारखा फक्त साज असेल, टूलला तोच धरावा लागतो.

कॅमेरेवाले काका
आणि कलला साज? मान कलली की पानं एका बाजूला सरकतात. मान सरळ केलीत तरी साज तिरकाच लोंबायचा.

सातवी गल्ली
हे खरंय, यावर शब्दांचा इलाज मला सापडलेला नाही. सरळ मानेचा एक फोटो नवीन काढलेला बरा.

गुजरीतला
फोटो खांद्यापर्यंत कापून आणि तुमचा मजकूर घालून बघितलं. पडदा गेला, ताट हातात आलं. पण बाईच्या गालावर आणि सोन्यावर अजून लालसर झाक आहे, पहाट असून.

सातवी गल्ली
ती पडद्याची लाली सोन्यात उतरलेली आहे, कापून जात नाही. आधी फोटोचाच रंग सुधारून घ्या, सोनं सोन्यासारखं दिसू द्या, मग जोडा.

कॅमेरेवाले काका
झाक राहू दे बाजूला, साज मोठा करून बघितलास का? माझ्या पोरानं असंच केलं तेव्हा चंद्र, मासा, बेलपान सगळ्यांचे गोल पैसे झाले होते. गिऱ्हाईक ते चित्र दाखवून ‘हाच द्या’ म्हणालं तर काय देणार आहेस?

गुजरीतला
मासा बरा आलाय. बेलपानाचं पान झालंय नुसतं. तेवढा साज मूळ फोटोतून कापून वर चिकटवावा म्हणतोय.

शब्दप्रभू
मग एआय कशाला पाहिजे होता?

गुजरीतला
घाटासाठी.