मदत हवी आहे: सगळ्या फोटोंतून एकच स्टँडी एकदम कशी काढायची?

अवधूत_क्लिक: शाळेच्या बक्षीस समारंभाचे फोटो आहेत. स्टेजवर प्रायोजकाची स्टँडी उभी आहे, ती सगळ्या फोटोंतून काढायची आहे. एकेक करत बसलो तर मेलोच. सगळ्यांना एकदम लागू होईल असं काही आहे का? उद्या संध्याकाळी द्यायचेत, लवकर सांगा.

नंदूकाका: कॅमेरा ट्रायपॉडवर होता की हातात? रॉ की जेपेग? सॉफ्टवेअर कुठलं? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणालात तुम्ही.

मेघना_पी: एवढं काय त्यात? एक फोटो क्रॉप करा, बाकीच्यांना सिंक मारा. पाच मिनिटांचं काम.

अवधूत_क्लिक: क्रॉप चालणार नाही, स्टँडीच्या पलीकडे मुख्याध्यापिका उभ्या आहेत. ट्रायपॉड होता, अर्थातच. रॉ आहेत. लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप दोन्ही आहे.

पिक्सेलपाटील: फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एका स्टॅकमध्ये घ्या आणि स्टॅक मोड मीडियन करा. मी किल्ल्यावरची अख्खी गर्दी अशी गायब केली आहे.

नंदूकाका: पाटील, मीडियनने जे हलतं ते जातं. इथे मुलं जातील आणि स्टँडी तेवढी राहील!

पिक्सेलपाटील: बरं. पण स्टँडी ठेवण्याआधीचा एखादा फोटो असेल तर? त्यातून तेवढा पडदा कापून पीएनजी करा आणि सगळ्यांवर चिकटवा. रॉवर नाही, एक्सपोर्ट केलेल्या जेपेगवर. इमेजमॅजिक लागेल, out नावाचं फोल्डर आधी करून ठेवा. आकडे म्हणजे डावीकडून आणि वरून किती पिक्सेल, ते तुमचे टाका.

```
magick mogrify -path out -draw "image over 3120,640 0,0 'patch.png'" *.jpg
```

अवधूत_क्लिक: आधीचा टेस्ट शॉट आहे! केलं. पहिले काही झकास आले, पण पुढे पडद्यावर चौकोनी डाग दिसतोय. आणि चहानंतरच्या फोटोंत स्टँडी अर्धी तशीच.

नंदूकाका: चहाच्या वेळी झूम हलवला असणार. तिथून पुढची तुकडी वेगळी धरा. डाग लाइटमुळे. स्टेजवर रंग बदलणारे एलईडी होते का?

अवधूत_क्लिक: हो, निळे-गुलाबी. ते सांगायचं राहिलं.

नंदूकाका: मग ठिगळ नको. लाइटरूममध्ये क्यू दाबा. क्लोन नाही, हील घ्या. क्लोन रंग जसाच्या तसा उचलतो, हील त्या त्या फोटोत कडेचा रंग बघून जुळवून घेतो, म्हणून लाइट बदलला तरी निभतं. स्टँडीवर ब्रश फिरवा आणि सोर्स सरळ आडवा शेजारच्या पडद्यावर न्या, वरखाली नको. चुण्या उभ्या असतात त्या जुळतात, पण सोर्स इंचभर खाली गेला तर पडद्याची खालची पट्टी तुटलेली दिसते. मग त्या तुकडीतले सगळे फोटो निवडून सिंक सेटिंग्ज. तिथे सगळ्या खुणा काढून फक्त हीलिंगची ठेवा. नव्या आवृत्तीत तिथेच रिमूव्ह लिहिलेलं असतं. बाकी खुणा राहिल्या तर एकाचं एक्सपोजर सगळ्यांना बसेल.

सुहास_ना: माझ्याकडे जुने फोटो आहेत, कोपऱ्यात केशरी तारीख छापून आली आहे. तीही अशीच निघेल ना? सगळ्यांत एकाच जागी आहे.

मेघना_पी: ज्याने पैसे दिले त्याचीच स्टँडी काढायची, हे मला पटत नाही.

अवधूत_क्लिक: ताई, ते समितीला विचारा, मला काढायला सांगितलंय. काका, सिंक झालं, पडदा मस्त. पण काही फोटोंत मुख्याध्यापिकांच्या साडीशेजारी पडद्यावर हिरवट धुकं आलंय.

नंदूकाका: तिथे त्यांचा हात किंवा पदर स्टँडीवर आलाय. कडेला साडी सापडली की हील तोच हिरवा आत ओढतो. ग्रिडमध्ये छोटे फोटो बघत गेलात की धुकं चटकन दिसतं, ते वेगळे काढा. तेवढे हातानेच करावे लागतील: टेस्ट शॉटचा पडदा वरच्या लेयरवर, कर्व्ह्जने रंग जुळवायचा आणि साडीच्या कडेने मास्क. आणि स्टेजवर चकचकीत मॅट असेल तर खाली बघा. स्टँडी गेली तरी तिचं प्रतिबिंब राहतं.

अवधूत_क्लिक: आहे! पांढरी उभी रेघ, सगळ्यांत. 😭

नंदूकाका: त्याला वेगळा स्पॉट घ्या, सोर्स त्याच मॅटचा, आणि पुन्हा सिंक. मुलांचे पाय जिथे रेघेवर आले आहेत ते परत हाताने.

पिक्सेलपाटील: यापेक्षा फोटोशॉपमध्ये कंटेंट-अवेअर फिलची ॲक्शन करून बॅच लावली असती तर झालं असतं.

नंदूकाका: लावून बघा. प्रत्येक फोटोत पडदा वेगळा भरतो. सुटा फोटो चालेल, पण स्लाइडशोमध्ये चुण्या नाचताना दिसतात.

पिक्सेलपाटील: स्लाइडशो कोण बघतंय? पालकांना आपल्या पोराचा एक फोटो हवा असतो.

अवधूत_क्लिक: स्लाइडशो आहे. स्नेहसंमेलनात मोठ्या पडद्यावर.

सुहास_ना: माझ्या तारखेचं कुणी सांगेल का?