एकच जागा, दोन मशीन: आयआरआर बघायचा की एनपीव्ही?

शिरोलीकर

आमचं शिरोलीत मशीन शॉप आहे, कास्टिंगचं जॉबवर्क करतो. शेडमध्ये आता एकाच मशीनपुरती जागा उरलीय. दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे सेकंड हँड व्हीएमसी. बसवून १० लाखांना पडेल आणि सगळा खर्च, कर जाऊन वर्षाला ४ लाख हातात येतील. दुसरा म्हणजे नवीन मोठ्या टेबलाचं मशीन, फोर्थ ॲक्सिससह. ते ४० लाखांना पडेल, वर्षाला १३ लाख येतील. दोन्हींचा हिशोब पाच वर्षांचा धरलाय. पाच वर्षांनी मशीन विकून काय येईल ते दोन्हीकडे सोडून दिलंय. आमचे पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून पैशाचा दर १२ टक्के धरला.

पहिल्याचा आयआरआर, म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला पडणारा परताव्याचा दर, २८.६ टक्के येतो, दुसऱ्याचा १८.७. एनपीव्ही, म्हणजे पुढं येणारे पैसे १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून त्यातून मशीनचा खर्च वजा केल्यावर उरतं ते, मात्र उलटं सांगतो: पहिल्याचा ३.९५ लाख, दुसऱ्याचा ६.१३ लाख. मोठा भाऊ म्हणतो, अठ्ठावीस टक्केवालं सोडून अठराच्या मागं कोण लागतंय? मला उत्तर देता येईना. कुणाचं ऐकायचं?

गूळबाजार

दादांचंच ऐका. माझा साधा नियम आहे, रुपयाला रुपया किती जोडतो ते बघायचं. दहा लाख घालून वर्षाला चार, म्हणजे अडीच वर्षांत पैसे मोकळे. चाळीस घालून तेरा, म्हणजे तीन वर्षांच्या वर गेलं. एनपीव्हीचा आकडा मोठा दिसतो, कारण रक्कमच मोठी आहे. चाळीस लाखांवर सहा लाखांचा फायदा आणि दहा लाखांवर चार लाखांचा, यात कुणाची कमाई चांगली हे शाळेतलं पोरही सांगेल.

निवृत्त_कर्ज_अधिकारी

आधी शिरोलीकरांच्या शीटमधली एक चूक. तुमचे एनपीव्हीचे आकडे कमी आलेत. तुम्ही बहुतेक असं लिहिलंय:

```
=NPV(12%,B2:G2)
```

एक्सेलचं हे फंक्शन पहिला आकडा एक वर्षानंतरचा धरतं. तुमचे १० लाख आजच जाणार आहेत, त्यामुळे ते कंसाबाहेर हवेत:

```
=NPV(12%,C2:G2)+B2
```

असं केलंत की पहिल्याचा ४.४२ लाख आणि दुसऱ्याचा ६.८६ लाख येईल. इथं क्रम बदलला नाही, पण काठावरचं प्रकरण असतं तर होकाराचा नकारही झाला असता. बँकेत आलेल्या किती प्रोजेक्ट रिपोर्टांत मी ही चूक बघितली, मोजदाद नाही.

आता दादांना द्यायचं उत्तर. लहान मशीनच्या जागी मोठं घेतलंत तर जास्तीचे ३० लाख घालावे लागतात आणि वर्षाला जास्तीचे ९ लाख येतात. या जास्तीच्या तीस लाखांचाच आयआरआर काढा. तो १५.२ टक्के येतो. दादांना एवढंच विचारा, बारा टक्क्यांनी पडणाऱ्या पैशावर पंधरा टक्के मिळत असतील तर नको म्हणणार का? अठ्ठावीस टक्के मिळतात ते फक्त दहा लाखांवर. उरलेल्या तीस लाखांचं काय होतं ते तो आकडा सांगतच नाही.

हाच १५.२ सगळ्या वादाचा काटा आहे. तुमच्या पैशाचा दर त्याच्या खाली असेल तर मोठं मशीन, वर असेल तर लहान. सोळा टक्के धरून बघा, पहिल्याचा एनपीव्ही ३.१० लाख येतो आणि दुसऱ्याचा २.५७. म्हणजे दर सोळा असता तर एनपीव्हीनंही दादांचीच बाजू घेतली असती.

इंटरचा_अभ्यास_चालू

सर, मूळ कारण वेगळं आहे ना? आयआरआर असं गृहीत धरतो की दरवर्षी हातात येणारे पैसे पुन्हा २८ टक्क्यांनीच गुंतवले जातात. ते शक्य नसतं म्हणून तो फुगतो. एमआयआरआर काढला, म्हणजे मधले पैसे १२ टक्क्यांनी फिरवले, तर भांडण मिटेल. आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलंय.

निवृत्त_कर्ज_अधिकारी

काढून बघितलात का? मी काढला. पहिल्याचा एमआयआरआर २०.५ टक्के, दुसऱ्याचा १५.६. मधले पैसे बाराच टक्क्यांनी फिरवले, तरी लहान मशीनच वर राहिलं. आता सांगा, दोष पुनर्गुंतवणुकीचा असता तर तो इथं जायला हवा होता की नाही?

आयआरआर काढताना मधले पैसे तुम्ही बँकेत ठेवा नाहीतर पोरीच्या लग्नात खर्च करा, गणिताला फरक पडत नाही. पुनर्गुंतवणुकीचा प्रश्न येतो तो दोन प्रकल्पांच्या पैशाची वेळ वेगवेगळी असते तेव्हा, म्हणजे एक लवकर देतो आणि दुसरा उशिरा. इथं दोन्हींकडे पाच वर्षं सारखेच हप्ते आहेत. भांडण निव्वळ आकाराचं आहे, आणि टक्केवारीत आकार दिसत नाही, मग ती कुठल्याही नावाची असो.

इंटरचा_अभ्यास_चालू

आकडे जुळले. पण परीक्षेत मी पुनर्गुंतवणूकच लिहिणार 🙂

म्युच्युअल_माणूस

मला एक कळत नाही, एवढी डोकेफोड कशाला? दोन्हीही बारा टक्क्यांच्या वर आहेत, दोन्ही घेऊन टाका. माझ्या दोन एसआयपी आहेत, एकीचा एक्सआयआरआर १४, दुसरीचा ११. म्हणून मी दुसरी बंद केली नाही, दोन्ही चालू ठेवल्या.

शिरोलीकर

भाऊ, जागा एकाच मशीनची आहे हो. दुसरं काय डोक्यावर घेऊन उभं राहू?

गूळबाजार

मी मगाशी घाईत लिहिलं, पण मुद्दा सोडलेला नाही. अधिकारी साहेब म्हणतात उरलेल्या तीस लाखांचं काय. मी सांगतो काय. तसलीच आणखी तीन मशीनं घ्या! चार मशीनं मिळून चाळीस लाखच होतात आणि वर्षाला सोळा लाख येतात. तुमचं मोठं मशीन तेराच देतंय. आता कुठं गेला एनपीव्ही?

निवृत्त_कर्ज_अधिकारी

हा प्रश्न चांगला आहे, आणि एनपीव्ही कुठं गेलेला नाही. चार मशीनांचा एनपीव्ही १७.७ लाख येतो, तो ६.८६ पेक्षा मोठा आहे, म्हणून खरंच चार लावता येत असतील तर एनपीव्हीही तेच सांगतो. अट एवढीच की मग तो तिसरा पर्याय म्हणून कागदावर मांडा. दुसऱ्या शेडचं भाडं, आणखी तीन ऑपरेटर, विजेचा वाढीव लोड, आणि चार मशीनांना पुरेल एवढं काम. हे सगळं वजा जाऊन मशीनमागे चार लाख उरतात का? पहिल्या मशीनला उरतात, कारण त्याची जागा फुकटात पडलीय.

रुपयाला किती हा नियम पैसा तुटपुंजा असेल तेव्हाच्या कामाचा. बँक म्हणाली चाळीसच्या वर एक पैसा देणार नाही आणि समोर सात-आठ कामं उभी आहेत, तर रुपयामागे जास्त देणारी आधी उचलायची हे बरोबरच. शिरोलीकरांकडे पैसा मिळतोय, तुटवडा जागेचा आहे. मग त्या एका जागेतून एकूण किती निघतं तेच बघायचं.

चिप्स_आणि_कूलंट

गेली बावीस वर्षं मी मशीनवर उभा आहे, हे टक्के मला फारसे कळत नाहीत. मला तुमच्या त्या तेरा लाखांबद्दल विचारायचंय. ते कुठून आले? नवीन मशीन भरायला मोठे जॉब लागतात आणि ते बहुतेक एका-दोन गिऱ्हाइकांकडूनच येतात. ट्रॅक्टरचं काम मंदावलं की सगळ्यात आधी त्याच मशीनची शिफ्ट बंद होते. लहान मशीनला किरकोळ कामं मिळत राहतात. आणि दुसरी बाजूही सांगतो: सेकंड हँड घेताना स्पिंडलचा आवाज आणि बॉलस्क्रूचा बॅकलॅश तपासलाय का? स्पिंडल उघडायची वेळ आली तर त्या वर्षीचे तुमचे चार लाख विसरा.

निवृत्त_कर्ज_अधिकारी

या प्रश्नाला तोड नाही, मी आधी हेच करून बघायला हवं होतं. बारा टक्क्यांवर दोन्ही मशीनं बरोबरीत येतात ती मोठ्याचे वर्षाला १२.३२ लाख आले तर. म्हणजे तेरातले जेमतेम ६८ हजार घटले की क्रम पालटतो, लहान मशीनचे चार लाख जागेवर असले तर. बारा लाखांवर मोठ्याचा एनपीव्ही ३.२६ लाखच उरतो.

गूळबाजार

म्हणजे शेवटी दादाच बरोबर! आयआरआर जास्त तिथं अंगावर येण्याची भीती कमी, एवढंच मी म्हणत होतो.

निवृत्त_कर्ज_अधिकारी

अर्धं मान्य. लहान मशीनची कमाई ३० टक्के घसरली तरी पैसे बुडत नाहीत, मोठ्याची १५ टक्के घसरली की ते काठावर येतं. आयआरआर आणि पैशाच्या दरातलं अंतर ही गादी दाखवतं, हे खरं. पण ती गादी किती लागेल हे चिप्सरावांना ठाऊक आहे, टक्क्याला नाही. मंदीत मोठं मशीन किती घसरतं आणि लहान किती, हे दोन वेगळे अंदाज आहेत. ते घालून एनपीव्ही पुन्हा काढा.

आणि एक गोष्ट मोठ्या मशीनच्या बाजूची राहिलीय. पाच वर्षांनंतरची विक्री तुम्ही दोन्हीकडे सोडलीत, ती सारखी नाही. समजा नवीन मशीनचे तेव्हा ८ लाख आले आणि जुन्याचे २. आजच्या किमतीत ते ४.५४ आणि १.१३ लाख होतात. मोठ्याचा एनपीव्ही ११.४ वर जातो, लहानाचा ५.५५ वर. मग तेरा लाखांतले ६८ हजार नाही, सव्वासोळा टक्के... थांबा, चुकलो. फरक ५.८५ लाखांचा, भागिले ३.६०५, म्हणजे पाच वर्षं दरवर्षी येणाऱ्या एका रुपयाची बारा टक्क्यांनी आजची किंमत, की वर्षाला १.६२ लाख. तेराचे ११.३८ लाखांच्या खाली गेले तरच क्रम फिरेल. हे आठ लाख मी धरलेत, बाजारभाव तुम्ही काढा.

चिप्स_आणि_कूलंट

आठ येतील की नाही ते कंट्रोलर कुठला आहे यावर. स्पेअर मिळणारा असला तर गिऱ्हाईक लागतं.

शिरोलीकर

दादाला तीस लाखांवरचे पंधरा टक्के सांगितले. पाच मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "त्या पंधरातले तीन टक्केच आपले, त्यासाठी तीस लाखांचा बोजा मी डोक्यावर का घेऊ?" ह्याला काय उत्तर देऊ ते अजून सुचलेलं नाही. उद्या मशीनवाल्याकडे पाच वर्षं जुन्या तशाच मॉडेलचा भाव विचारतो. शिवाय ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर तेरा लाख लिहिलेत, त्याच्याकडून वर्षाला किमान किती पीस देणार ते लेखी मिळतं का ते बघतो. तो लिहून देईल असं वाटत नाही.