उत्तर: √−५ आणि ६ चे अवयव

"२ × ३ आणि (१ + √−५)(१ − √−५) हे अवयव आणखी फोडले, तर शेवटी तुकडे सारखेच निघतील ना?"

निघत नाहीत. a आणि b पूर्णांक असलेल्या a + b√−५ या संख्यांत हे दोन्ही गुणाकार ६ च येतात. अशा संख्येचे मानक a² + ५b² धरले, की गुणाकाराचे मानक म्हणजे मानकांचा गुणाकार. २ चे मानक ४ आहे. तो खऱ्या अर्थाने फुटायचा तर मानक २ असलेला अवयव हवा. पण b शून्य नसेल तर बेरीज किमान ५ होते, आणि b शून्य असेल तर २ हा पूर्ण वर्ग नाही. मानक ३ही असेच अशक्य, म्हणून ३ (मानक ९) आणि दोन्ही कंस (मानक ६) अभंगच राहतात. एकके, म्हणजे १ ला भागणाऱ्या संख्या, केवळ ±१ असल्याने त्यांनी गुणून २ चा कंस होणेही शक्य नाही.

निपाणीच्या आमच्या शिकवणीत एका मुलाने √−५ ऐवजी √−१, म्हणजे i, घेऊन पाहिले: तिथे १² + १² = २ जमते आणि २ लगेच (१ + i)(१ − i) असा फुटतो.