घरातलं 'सुकट' हे नाव आता बंद करावं का?

दापोलीची_आत्या: माझी भाची तेरा वर्षांची आहे. लहानपणी फार बारीक होती म्हणून तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तिला 'सुकट' नाव ठेवलं. यंदा गणपतीत सगळं घर भरलेलं असताना कुणी तशी हाक मारली की ती माजघरात निघून जायची. आई म्हणते, मायेनं म्हणतो, त्यात काय एवढं? हे नाव थांबवावं का? की मीच उगाच मनाला लावून घेते आहे?

मालवणचो_झील: थांबवू नका. कोकणात टोपणनावाशिवाय माणूस सापडणार नाही. आमच्या वाडीत एकाच नावाचे चार जण, टोपणनाव नसेल तर कोण कुणाला ओळखणार? माझ्या आजयेन माका 'बोंडू' नाव ठेवल्यान. आज चाळीशीत कोणी 'बोंडू' म्हटलं की आजीच आठवते. आजच्या पोरांना सगळंच मनाला लागतं.

चिपळूणच्या_बाई: वाडीतल्या नावांचं तुमचं म्हणणं खरं आहे. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही म्हणून आजोबांचं नाव ठेवलेल्या नातवाला घरात 'भाऊ' किंवा 'आप्पा' म्हणायचे. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, भिकू अशी नावं ठेवायचे. ही नावं मुलाला ओळखायला किंवा जपायला होती. 'सुकट' मात्र अंगावरून पडलेलं आहे, आणि अंग बदलतं. पाच वर्षांच्या मुलीला बारीक म्हटलं तर आजी दुधावरची साय जास्त घालते. तेराव्या वर्षी तोच शब्द आला की खोलीतले सगळे तिच्या अंगाकडे बघतात.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. नाव खुपायला लागलं की मूल आधी चिडत नाही, ते आधी 'ओ' द्यायला उशीर करतं. खोलीत कोण कोण आहे ते बघतं, मग उत्तर देतं. तुमच्या भाचीचं माजघरात जाणं ही त्याच्या पुढची पायरी आहे.

मालवणचो_झील: पण बाई, ती आधी हसायची ना? आवडत नव्हतं तर तेव्हाच सांगायचं.

चिपळूणच्या_बाई: हसली नाही तर 'बघा, चिडली चिडली' म्हणून तेच नाव दुप्पट वेळा येतं, हे पोरांना सहाव्या वर्षीच कळतं. त्या हसण्याला होकार समजू नका. आणि एक बघा, तुम्ही आजीला उलट काही म्हणू शकत होतात का?

मालवणचो_झील: म्हणायचो की. 'म्हातारे' म्हणायचो, ती पाठीत धपाटा घालायची नि हसायची.

चिपळूणच्या_बाई: म्हणजे तुमच्याकडे नाव दोन्हीकडून चाललं. या मुलीने जाड्या काकाला 'हलवा' म्हटलं तर चालेल का त्या घरात?

उरणकर: नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात देता येतं. मुलगी अल्पवयीन असल्याने अर्ज पालकांनी करायचा. साताऱ्यात २०११ साली 'नकुशा' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली होती.

दापोलीची_आत्या: दादा, तिचं कागदावरचं नाव छान आहे. त्रास हाकेचा आहे.

देवगडची_सून: माझं सांगते. सासरी मला 'काळी मैना' म्हणायचे. करवंदं गोड असतात गं, असंही वर सांगायचे. मी अकरा वर्षं हसले. मग माझ्या मुलीने शाळेतून येऊन विचारलं, 'आई, मी पण काळी मैना का?' त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आधी का नाही बोललीस? याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

दापोलीची_आत्या: थांबवायचं कसं, ते सांगा. चारचौघांत बोललं तर आईला वाईट वाटेल.

चिपळूणच्या_बाई: चारचौघांत तर मुळीच नको, मुलीलाच आणखी लाज वाटेल. आधी एकटीला विचारा, 'तुला काय म्हटलेलं आवडेल?' मग आजीला एकटं गाठा. नाव तिने ठेवलं, सोडायचंही तिनेच पहिलं. जिभेला दुसरं काही हवं असतं, त्यामुळे नुसतं 'हे म्हणू नको' सांगून सवय जात नाही. दुसरी हाक हातात द्या. चुकून जुनं तोंडात आलं तर कुणी हसायचं नाही, एवढं मात्र आधी ठरवून ठेवा.

दापोलीची_आत्या: काल भाचीला विचारलं. म्हणाली, 'आजीने म्हटलं तर चालेल. बाकी कुणी नाही. आणि दादाने तर अजिबात नाही, त्याने वर्गातल्या मुलांना सांगितलं.' आता आजीला काय सांगू?

मालवणचो_झील: बघा! आजीची माया तिला कळते. आजीला म्हणू द्या, त्या दादाचे कान पिळा.

चिपळूणच्या_बाई: आजीची हाक भरल्या घरात सगळे ऐकतात. आजी म्हणाली की दादा म्हणणारच.

देवगडची_सून: दोघी एकट्या असताना म्हणू दे की आजीला. तेवढं तर पोरीनेच मागितलंय.