शब्दचर्चा: 'सेर' की 'एस्तार'? मेलेला माणूस तात्पुरता कसा?

मुक्ता: स्पॅनिशमध्ये आपल्या 'आहे'साठी दोन क्रियापदं आहेत. वर्गात नियम मिळाला, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. पण 'तो मेला आहे' याला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, म्हणजे एस्तार. आणि तीन वाजले तर 'सोन लास त्रेस', म्हणजे सेर. मरण तात्पुरतं आणि तीनचा ठोका कायमचा?

पाववाला: तो नियम पहिल्या महिन्यापुरता. एस्तारचं मूळ लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभं असणं. म्हणून स्थिती किंवा जागा सांगायची असेल तर एस्तार. मरण ही स्थितीच. माद्रिद जागचं हलत नाही, तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'.

रेवती जो.: मूळ बरोबर, पण 'स्थिती' एवढ्यावर भागत नाही. तरुण असणं, गरीब असणं याही स्थितीच की, तरी 'एस होबेन', 'एस पोब्रे' असं सेर लागतं. जागेचंही तसंच. वस्तू कुठे आहे ते एस्तारने सांगतात, पण कार्यक्रम कुठे आहे ते सेरने: 'ला फिएस्ता एस एन मी कासा'.

मुक्ता, काळ मोजू नकोस. काही बदल घडून गेलाय आणि त्याचा परिणाम आता समोर आहे, असं आहे का ते बघ. दाराचं उदाहरण घे. 'ला पुएर्ता फुए सेर्रादा पोर एल ग्वार्दिया', म्हणजे पहारेकऱ्याकडून दार बंद केलं गेलं. इथे बंद करण्याची घटना सांगितली आहे, म्हणून सेर ('फुए' हे त्याचंच भूतकाळी रूप). त्यानंतर तू तिथे पोचतेस आणि म्हणतेस, 'ला पुएर्ता एस्ता सेर्रादा'. कोणी, कधी लावलं याच्याशी तुला कर्तव्य नाही, दार लावलेलं आहे एवढंच. ते पुढे शंभर वर्षं उघडलं नाही तरी एस्तारच. मुएर्तो त्याच रांगेतला. तो आधी जिवंत होता, आता मेलेला आहे. परिणाम पुसता येतो की नाही, हे एस्तार विचारत नाही.

तीन वाजण्यात काही पालटून झालेली अवस्था नाही. आत्ताची वेळ कोणती, ही ओळख आहे, म्हणून सेर.

मुक्ता: म्हणजे मराठीत '-लेला' बसला की एस्तार? बसलेला आहे, थकलेला आहे, मोडलेला आहे…

रेवती जो.: बऱ्याचदा जमतं: 'एस्ता सेन्तादो', 'एस्ता कान्सादो', 'एस्ता रोतो'. पण 'चांगला शिकलेला माणूस आहे' इथे फसशील. तिथे शिकण्याचा परिणाम दाखवायचा नसून माणूस कसा आहे ते सांगायचं असतं, म्हणून 'एस कुल्तो', सेर. आणि 'जिवंत'ला '-लेला' लागत नाही, तरी 'एस्ता बीबो'. मेलेल्याची ती दुसरी बाजू. 'एस बीबो' म्हटलंस तर माणूस चलाख ठरेल.

दादरकर: मला वाटलं वजनाच्या शेराबद्दल चाललंय. असो. माझा भाचा कामानिमित्त मेक्सिकोत असतो. तिथल्या शेजारीणबाई त्याच्या मुलाला सुट्टीनंतर बघून म्हणाल्या, 'के आल्तो एस्ता!' उंची काही उद्या कमी होणार नाही. मग एस्तार का?

रेवती जो.: काका, हे उदाहरण माझ्या दारापेक्षा सरस आहे. बाईंच्या डोक्यात सुट्टीआधीचा मुलगा आहे आणि समोर आजचा. त्या दोघांतला फरक त्या एस्तारने बोलून दाखवतायत: 'केवढा उंच झालाय!' अनोळखी माणसाला मुलाचं वर्णन सांगताना त्याच 'एस आल्तो' म्हणतील. जेवताना 'ला सोपा एस्ता रिका' म्हणतात तेही असंच, सूप चाखल्यावर हे आत्ताचं कसं लागलं ते.

मात्र मेक्सिकोत एस्तार जरा सैल वापरतात. 'मी लहान असताना' याला स्पेनमध्ये 'कुआन्दो एरा पेकेन्यो', सेर. मेक्सिकोत 'कुआन्दो एस्ताबा चिको' सर्रास ऐकू येतं. मुलाने ते घरी खुशाल बोलावं, परीक्षेत मात्र 'एरा' लिहावं.

पाववाला: तुमचं दार पटलं. पण नवरा 'एस्ता मुएर्तो' आणि बायको 'एस बिउदा'? विधवा होणं हाही बदलच ना?

रेवती जो.: बिउदा हे नाम म्हणूनही चालतं. 'ती कोण' याचं उत्तर नामाने दिलं की सेर, जसं 'एस मेदिका', ती डॉक्टर आहे.

पाववाला: मग 'कासादो'? तेही नाम होतं, आणि '-लेला'ही बसतो, लग्न झालेला. मी 'एस कासादो' आणि 'एस्ता कासादो' दोन्ही ऐकलंय.

रेवती जो.: दोन्ही चालतात. एकात माणसाचा वर्ग सांगितला जातो, दुसऱ्यात लग्नाचा परिणाम, असं मी शिकवते. पण बोलताना लोक खरंच तेवढा फरक मनात धरतात का, याची मला खात्री नाही. एकाच घरातल्या दोघांकडून दोन्ही ऐकलंय.

दादरकर: फॉर्मवर काय लिहायचं?

मुक्ता: काका, फॉर्मवर क्रियापदच नसतं. नुसतं 'कासादो'.