सल्ला हवा: आजीची श्रद्धांजली मराठीत, पण परदेशी वाढलेल्या नातवंडांसाठी मधे इंग्रजी

पावसाळी
सासूबाईंची श्रद्धांजली सभा रविवारी आहे. भाषण नवरा वाचणार, लिहायचं काम माझ्याकडे. साठेक माणसं येतील, बहुतेक साठीच्या पुढची. शिवाय तीन नातवंडं: १७, १४ आणि ९ वर्षांची. धाकट्याला मराठी जेवणाखाणापुरतंच कळतं. सध्या मराठी ४८० शब्द आणि त्याचंच इंग्रजी ४५० शब्द झालंय. वेळ सात मिनिटं. नवऱ्याला कागदावर लिपी बदलली की अडखळायला होतं, म्हणून इंग्रजीही देवनागरीतच लिहितेय. एक उतारा देते:

«आईच्या दारातून कुणी 'जातो' म्हणून निघालं नाही. 'येतो' म्हणायचं, हा तिचा नियम.»

«अवर आजी वॉज अ व्हेरी लव्हिंग लेडी. शी वॉज ऑलवेज सेइंग दॅट डोन्ट से आय ॲम गोइंग, से आय ॲम कमिंग. शी एक्सपायर्ड ॲट एटी-थ्री.»

काय कापू?

अर्धाकप
काही कापू नका. प्रत्येक परिच्छेदानंतर त्याचं भाषांतर ठेवा, म्हणजे कुणालाच वगळल्यासारखं वाटणार नाही. हवं तर इंग्रजी मागे पडद्यावर दाखवा.

मोडीवाचक
वर्तमानपत्रात देताना नावांचा क्रम जपा. मुलगा-सून, मुलगी-जावई, मग नातवंडं. आमच्याकडे एका जावयाचं नाव राहिलं, वर्षभर अबोला होता.

पावसाळी
मोडीवाचक, निधनवार्ता कालच छापून आली. हे भाषणाबद्दल आहे.

तिसरी_घंटा
आधी वेळेचं बघू. मराठी सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. शोकसभेत आवंढा गिळायला, पाणी प्यायला थांबावं लागतं, तेव्हा नव्वदच धरा. म्हणजे नुसतं मराठीच सव्वापाच मिनिटांचं आहे. त्यावर पूर्ण भाषांतर ठेवलं तर नऊ-दहा मिनिटं होतील. अर्धाकप यांचा हेतू बरोबर आहे, पण परिच्छेदामागे भाषांतर ठेवलं की दोन्ही बाजूंचं लक्ष उडतं. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत ज्येष्ठांना कळतं की आता आपल्याला ऐकायचं काही नाही, आणि ते शेजारच्याशी बोलू लागतात. मुलं तर तोवर फोन काढून बसलेली असतात. पडद्यावर मजकूर असला की वाचणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. इंग्रजी छापून मुलांच्या हातात आधीच द्या, तेवढं पुरे.

मराठी साडेतीनशे शब्दांवर आणा आणि इंग्रजीचे तीनच तुकडे ठेवा, पन्नास-साठ शब्दांचे. त्यात भाषांतर नको. इंग्रजीने वेगळं काहीतरी सांगायला हवं.

तुमचा 'येतो'चा उतारा याला फार चांगला आहे. सभेतल्या साठ माणसांच्या घरी 'जातो' म्हणत नाहीतच, त्यांना यात नवीन काय? त्यांना आजींचीच खूण लागेल. या नियमाबाबत त्या इतर घरांपेक्षा वेगळं काय करायच्या? मुलांना मात्र मुळात तो रिवाजच सांगावा लागेल, तोही व्याख्यान न देता.

पावसाळी
दूधवाला आणि नळवाला यांनाही त्या सोडत नसत. 'येतो म्हण' असं म्हणून दारातच उभं करायच्या. नळवाल्याला तर परत यायला लागू नये हीच सगळ्यांची इच्छा असायची!

तिसरी_घंटा
हेच मराठीत टाका. लोक हसतील, हसू द्या. असं करा:

«'येतो म्हण' हे आईने आम्हालाच नाही, नळवाल्यालाही सांगितलं. तो पुन्हा यावा असं घरात कुणालाच वाटत नव्हतं, तरी.»

«व्हेन यू लेफ्ट युवर आजीज हाउस, यू कुड नॉट से 'आय ॲम गोइंग'. यू हॅड टू से 'येतो'. इट मीन्स 'आय ॲम कमिंग'. इफ यू फरगॉट, शी केप्ट यू ॲट द डोअर अनटिल यू सेड इट.»

यात काय बदललं ते सांगते. 'म्हणायची' याचं इंग्रजी आपल्या हातून 'वॉज ऑलवेज सेइंग' असं होतं. मुलांच्या कानाला ते तक्रारीसारखं लागतं, सारखी बडबड करायची असं. तिथे 'वुड से', 'यूज्ड टू से' किंवा सरळ साधा भूतकाळ घ्या. 'एक्सपायर्ड' काढाच. आपल्याकडे ते सभ्य वाटतं, पण तिकडे वाढलेल्या मुलाला दुधाच्या डब्यावरची तारीख आठवते. 'शी डाइड' म्हणा. नऊ वर्षांच्या मुलासाठी तेच सगळ्यात स्पष्ट आहे, 'गेली' किंवा 'गॉन' म्हटलं की कुठे गेली हा प्रश्न येतो. 'लव्हिंग लेडी' कुठल्याही आजीला चालेल, म्हणून तेही काढलं.

आणि नवरा मराठीत 'आई' म्हणणार, इंग्रजीत 'आजी'. धाकट्याला या दोन बायका वाटू शकतात. म्हणून इंग्रजीच्या पहिल्या वाक्यात 'युवर आजी' असायलाच हवं. तिथून पुढचं 'यू' थेट मुलांना आहे, नवऱ्याने तेव्हा त्यांच्याकडेच बघावं.

कुंदा_मावशी
इंग्रजी भाग मुलांनीच वाचला तर? बापाच्या तोंडून 'यू' ऐकण्यापेक्षा बरं. माझ्या भाचीने वाचलं होतं, छान झालं होतं.

तिसरी_घंटा
थोरली वाचू शकेल, पण मग मजकूर 'यू'चा 'वी' करावा लागेल, नाहीतर ती स्वतःलाच सांगतेय असं होईल. शिवाय मधे येणारे मराठी शब्द तिला रोमन लिपीत देऊ नका. तिथे 'त' आणि 'ट' यांना एकच अक्षर आहे, 'येतो'चं 'येटो' होतं आणि नेमकं त्याच शब्दावर लोक कुजबुजतात. तुम्ही शब्द बोलून ध्वनिमुद्रण पाठवा, तिला ऐकून पाठ करू दे. ती 'येते' म्हणेल, मुलगे 'येतो'. कागदावर हे वेगळं लिहा.

अर्धाकप
भाषांतराचं मान्य. पण काही शब्द तरी समजावून सांगायला हवेत ना? 'माया', 'धाक', 'दृष्ट काढणं'?

तिसरी_घंटा
समजावायला गेलात की वाक्य कोशातलं होतं. 'माया' हा शब्द न उच्चारता आजी काय करायच्या ते सांगा. 'दृष्ट काढणं' मुलांनी स्वतः अनुभवलं असेल तर शब्द तसाच ठेवा, त्यांना मीठमोहऱ्या आठवतील. अनुभवलंच नसेल तर तो उल्लेख मराठी भागात राहू द्या. सगळं सगळ्यांना कळायलाच हवं असं नाही.

कुंदा_मावशी
शेवटी तिन्ही मुलांनी फोटोकडे बघून 'येतो आजी' म्हणावं. सगळी सभा रडेल.

तिसरी_घंटा
सभा रडावी म्हणून मुलांना उभं करायचं, हे मला पटत नाही. धाकटा घाबरला आणि गप्प राहिला तर ती शांतता त्याच्या डोक्यात राहील. शिवाय वर 'आय ॲम कमिंग' असा अर्थ सांगितल्यावर मृत आजीला तेच म्हणायचं, यावर नऊ वर्षांचं पोर काय विचार करेल?

कुंदा_मावशी
तुम्ही फार खोलात जाता. मुलांना कळतं सगळं.

पावसाळी
'येतो आजी'चं मुलांवरच सोपवते, कागदावर लिहीत नाही. आत्ता मराठी ३६० शब्द, इंग्रजी तीन तुकडे मिळून १५५. नवऱ्याने मोठ्याने वाचलं, पाच मिनिटं पन्नास सेकंद. नळवाल्याच्या वाक्याला तो दोनदा थांबला. थोरली 'वी' करून दुसरा तुकडा वाचायला तयार आहे. पहिला आणि तिसरा तोच वाचेल. पण मराठीतून इंग्रजीत जाताना 'आता मुलांसाठी' असं म्हणायला हवं का?

तिसरी_घंटा
एकदाच, पहिल्या वेळी. नंतर नुसतं थांबायचं, मुलांकडे वळायचं, मग सुरू करायचं. कागदावर तिथे दोन ओळी रिकाम्या सोडा, नाहीतर ते थांबणार नाहीत.